एकशे सतरा सेकंद

शिष्यवृत्तीच्या पहिल्या यादीत माझं नाव आलं, तेव्हा पुढची अट अशी होती: दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा. पार्श्वभूमी, ध्येय आणि प्रेरणा, तिन्ही त्यात आलं पाहिजे. एकाच दमात बोलायचं, कापाकापी चालणार नाही, आणि एकदा पाठवला की बदलता येणार नाही. मुदत आठवड्याची, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. मिळाली तर शहरात समाजकार्याचं एम. ए., वसतिगृहासकट. नाही मिळाली तर गेवराईचं स्थळ, ज्यांना आमच्याकडून जवळपास हो गेलंच होतं.

आमच्या दिंद्रुडच्या घरात तात्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, उभा जन्म राजकारणात घालवलेले. वडील दुकानात बसतात आणि ‘तात्या म्हणतील तसं’ एवढंच बोलतात. तात्या म्हणाले, “भाषण म्या लिवतो. तुमाला काय कळतंय त्यातलं.”

मी नीट मोजूनमापून सव्वादोनशे शब्द लिहिले होते. ते त्यांनी वाचलेसुद्धा नाहीत. त्यांच्या कागदाची सुरुवात होती, ‘आदरणीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर आणि माझ्या बंधू-भगिनींनो’. मी म्हटलं, तात्या, समोर कुणीच नसणार, एक मोबाईल असणार. ते म्हणाले, “मोबाईलमागं मान्सं असत्यात ना? मान नको का द्यायला?” पुढे गावाचं, ग्रामदैवताचं आणि तात्यांच्या कार्याचं वर्णन होतं. प्रेरणेच्या जागी एकच ओळ होती: माझी प्रेरणा म्हणजे माझे तात्या.

शेवटच्या दिवशी दुपारी बैठकीच्या खोलीत पंखा बंद करून मला उभं केलं. मागच्या भिंतीवर शाल-नारळ घेतानाचे तात्यांचे फोटो. तात्या समोरच्या खुर्चीत बसले. आई डोक्यावरचा पदर सावरत मोबाईल धरून उभी राहिली. माझं नाव येईपर्यंत चाळीस सेकंद गेले. घामाने कागद ओला झाला, आणि राग असा आला होता की तोंडातून मान्यवरांऐवजी भलतंच निघेल असं वाटत होतं. व्हिडिओ भरला दोन मिनिटं सव्वीस सेकंद. संकेतस्थळाने तो घेतलाच नाही.

“काट मग थोडं,” म्हणून तात्यांनी पेन काढलं आणि माझं ध्येयच उडवलं. दहावीनंतर शाळा सुटलेल्या पोरींसाठी इथेच परत येऊन काम करायचंय, हे तीन ओळींत होतं. “ध्येय काय, मागून बी सांगता येतं.” मान्यवर तसेच राहिले.

तेवढ्यात त्यांना मांजरसुंब्याहून बैठकीचा फोन आला. जाताना म्हणाले, “नव्यानं करून ठिव. म्या आल्यावर बगतो, मग पाठिव.” साडेचार वाजले होते. तात्या काही सहाच्या आत येणार नव्हते. न विचारता पाठवलं तर घरात राहायची सोय नव्हती, आणि वाट पाहिली तर घरातच राहावं लागणार होतं. मी खुर्चीत बसून रडले.

आईने दाराला आतून कडी लावली. “उट. तुजं म्हण आता.”

“माझं कुठलं?”

“सैपाकघरात रोज म्हणतीस ते.”

ती भाकरी थापत असताना मी पाठमोरी पुटपुटायचे, तिला ऐकू जात नसेल असं धरून. आईचं डी. एड.चं प्रवेशपत्र आलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तात्या नको म्हणाले, वडील गप्प बसले, ते पत्र अजून ट्रंकेत आहे. हे सगळं माझ्या मजकुरात होतं. आणि शेवटचं वाक्य होतं, ‘मला माझ्या आईसारखं व्हायचं नाही, हीच माझी प्रेरणा.’

ते वाक्य मला मोबाईलकडे बघून म्हणायचं होतं. मोबाईलमागे आई होती.

मी बोलले. शेवटच्या वाक्याला आवाज चिरकला, पण अडखळले नाही. चित्र जरासुद्धा हललं नाही. तिने बटण दाबलं आणि विचारलं, “किती झालं?”

“एकशे सतरा सेकंद.”

“बसतंय की मग. पाठिव.”

तात्या साडेसहाला आले. पदर ओढून आई म्हणाली, “नेट जात हुतं भावजी, म्हून पाठवलं.”

“माजं नाव घेतलं का?”

“घेतलं की.” त्यांच्याशी ती खोटं बोललेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. नाव घेतलंच होतं म्हणा, ट्रंकेतल्या पत्राच्या वाक्यात.

निवड झाली तेव्हा तात्यांनी पेढे वाटले आणि आपल्या भाषणाने काम केलं म्हणून गावभर सांगितलं. मी मान हलवत राहिले, दुसरं काय करणार. त्या वाक्याबद्दल आई एक अक्षर बोलली नाही, आणि माफी मागायचा धीर मला झाला नाही. एसटीत बसले तेव्हा तिने खिडकीतून डबा दिला आणि माझा हात धरून ठेवला.

“बोललीस तशीच ऱ्हा,” ती म्हणाली. मग गाडी हलली आणि ती घराकडे वळली, तात्यांच्या चहाची वेळ झाली होती.