शिक्का न मारलेल्या गोळ्या

नंदकिशोर पिसाळला सगळं नावडे गाव ‘मेडिकलवाले दादा’ म्हणायचं आणि ते ऐकून तो मनातून फुगायचा. वाईहून फार्मसीची पदविका घेऊन आला, कॉलनीच्या तोंडाशी गाळा घेतला आणि सहा वर्षांत अर्धा डॉक्टर झाला. खरा डॉक्टर गाठायचा तर पनवेलपर्यंत रिक्षा करावी लागे. दादा मात्र दुकानाच्या फळीमागे कायम हजर. पोट बिघडलं, दादा. पोराला ताप, दादा.

त्याचा एक नेम होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध दिलं की तो चिठ्ठीवर रबरी शिक्का मारायचा, त्यात तारीख आणि किती गोळ्या दिल्या ते लिहायचा. कायदाच तसा आहे, पण किती दुकानदार पाळतात? नंदकिशोर पाळायचा, आणि पाळतो हे चारचौघांत सांगायचाही. फक्त घरच्यासारख्या माणसांना तो शिक्क्यातून सूट द्यायचा. त्यांना कशाला कागदपत्र, असं त्याला वाटे. आपण फार मोठ्या मनाचे आहोत, असंही वाटे.

मितेश म्हात्रे हा त्या घरच्यासारख्यांतला. नावडे गावातलाच, पंचविशीचा, तळोज्याच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तो दुकानात आला, गिऱ्हाईक नाही असं बघून शर्ट वर केला आणि पाठ दाखवली. मानेपासून कमरेपर्यंत फिकट डाग, कुठे सुटे, कुठे एकमेकांत मिसळलेले.

“दादा, हा कोड तं नाय ना?” त्याने दाराकडे बघत विचारलं.

त्याचं लग्न ठरलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की पुढच्या महिन्यात त्याचं. आणि गावातली हळद म्हणजे काय साधी गोष्ट आहे? मांडवात उघड्या अंगाचा नवरदेव, समोर अख्खा गाव, होणाऱ्या सासरची माणसं. बायका पाठ चोळत बसणार आणि चोळता चोळता बघणार.

नंदकिशोरने त्या दिवशी अगदी बरोबर केलं, हे कबूल केलंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी माल आणायला पनवेलला जाताना त्याने मितेशला बरोबर घेतलं आणि कातडीच्या डॉक्टर गीतांजली केळकर यांच्यासमोर उभं केलं. बाईंनी डागावर नख हलकेच ओढलं. पिठासारखा बारीक कोंडा निघाला.

“कोड असतं तर कोंडा निघाला नसता. ही शिबं आहेत,” बाई म्हणाल्या. “ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते. तू बॉयलरवर घामात भिजतोस, म्हणून ती माजली. तू घाणेरडा आहेस म्हणून नाही, आणि कुणाला लागणारही नाही.”

मग त्यांनी उपाय सांगितले. दोन-चार डाग असते तर मलम पुरलं असतं, पण एवढ्या पाठीला मलमाच्या ट्यूबा किती लागणार, आणि चोळणार कोण? म्हणून सेलेनियमचा शॅम्पू. मानेपासून कमरेपर्यंत लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, धुवायचा, असं सात दिवस. मितेशने दोन दिवस लावला आणि सोडला. शॅम्पूला सडक्या अंड्याचा वास येतो, पाठीला हात पोचत नाही आणि आईला सांगायची लाज वाटते, अशी त्याची तीन कारणं होती. तेव्हा जूनमध्ये बाईंनी किटोकोनॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, पाच दिवस.

“पाचच,” त्यांनी बजावलं. “ही गोळी लिव्हरवर जाऊ शकते, म्हणून ती थोडक्यात आटोपायची. आणि आणखी एक ऐक. बुरशी आठवड्यात मरेल, पण डाग दिसत राहतील. तिने कातडीचं रंग बनवायचं काम बंद पाडलंय. ते पुन्हा सुरू व्हायला महिने लागतात. डाग दिसतोय म्हणजे रोग आहे, असं समजू नकोस. कोंडा निघतो का ते बघायचं.”

नंदकिशोर शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता, मान डोलावत होता. पाच गोळ्या दिल्या, शिक्का मारला, तारीख घातली.

जुलैत मितेश पुन्हा आला. “दादा, डाग हाईतच. आनखी दे ना.” नंदकिशोरने फळीच्या अलीकडून पाठीकडे नजर टाकली. पांढरं दिसत होतं. दहा गोळ्यांची पट्टी काढून दिली. शिक्का मारला नाही, कारण चिठ्ठीच मागितली नव्हती. ऑगस्टमध्ये दोन पट्ट्या. सप्टेंबरमध्ये लग्नाची खरेदी सुरू झाली तेव्हा तीन. एकदाही त्याने त्या पाठीला नख लावलं नाही. अर्धं मिनिट लागलं असतं. पण गिऱ्हाईक उभं होतं, पोरगा अडचणीत होता, आणि ‘थांब’ म्हणण्यापेक्षा ‘घे’ म्हणणं फार सोपं असतं. लोक त्यालाच तर दादा म्हणायचे.

ऑक्टोबरात मितेशचे डोळे पिवळे झाले.

गावात त्या पावसाळ्यात काविळीचे चार-पाच रोगी होतेच. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही औषध चालू होतं का? मितेशची आई पुतळाबाई घरातली एकुलती एक चिठ्ठी घेऊन गेली. तिच्यावर नंदकिशोरचा ठसठशीत शिक्का: जून, पाच गोळ्या. डॉक्टरांनी चिठ्ठी परत दिली. जूनमधल्या पाच गोळ्यांनी ऑक्टोबरात कावीळ होत नाही, पाण्यानेच झाली असणार, पाणी उकळून प्या आणि आराम करा. मितेशने नंतरच्या गोळ्यांचं नावही काढलं नाही. डागांची गोष्ट त्याला सासरपर्यंत जाऊ द्यायची नव्हती, आणि कातडीच्या गोळ्यांचा डोळ्यांशी काय संबंध, असं त्याला मनापासून वाटत होतं.

पंधरा दिवसांनी पुतळाबाई ग्लुकोज घ्यायला दुकानात आल्या. चेहरा ओढलेला.

“कावील उतरतच नाय, दादा. पानी उकलून देते, पथ्य करते, तरी वाढतेच हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आनि त्याच्या त्या डागांच्या गोल्या पन दे. कालच उशीखाली दिसल्या, चार-पाचच उरल्यात. कावील हाय तरी रोज घेतो बिचारा, हलदीला पाठ साफ पायजे म्हनतो.”

नंदकिशोरच्या हातातला ग्लुकोजचा डबा तसाच राहिला. त्याला सगळं एका क्षणात कळलं. पाणी नव्हे. पाण्याची कावीळ असती तर एव्हाना उतरायला लागली असती. आणि एकूण किती गोळ्या गेल्या हे जगात त्याला आणि मितेशला, दोघांनाच ठाऊक होतं, आणि मितेशला त्याचा अर्थ कळत नव्हता.

“त्या गोळ्या संपल्यात,” तो म्हणाला. “माल आलेला नाही.”

पुतळाबाई गेल्या. त्याच्या मागच्या कप्प्यात आठ पट्ट्या पडून होत्या. पण लाजेची गोष्ट ती नव्हे. पोराच्या उशाशी अजून चार-पाच गोळ्या आहेत हे माहीत असूनही तो दुकानातून हलला नाही. परवाना जाईल, गाव दुकान फोडेल, पोलीस येतील, असले विचार करत त्याने तो दिवस काढला आणि दुसराही काढला. बायको स्मिता विचारत होती, जेवत का नाही? तो म्हणाला, उकडतंय. दोन दिवस म्हणजे दोन गोळ्या, हा हिशोब मात्र त्याला पाठ होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने शटर ओढलं आणि म्हात्र्यांचं घर गाठलं. मितेश ओटीवर पडला होता. डोळे हळदीचे. पोटाला खळगा पडलेला.

“गोळ्या कुठायत?” नंदकिशोरने विचारलं. उशीखालून पट्टी निघाली, तिच्यात दोन उरल्या होत्या. ती त्याने खिशात घातली, आणि मग खाली मान घालून सगळं सांगितलं. पाचच घ्यायच्या होत्या. मी साठ दिल्या. लिव्हरवर जाते हे डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं. शिक्के मारले असते तर हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पुतळाबाई हे ऐकत दाराशी येऊन उभ्या होत्या.

“परवा मी दुकानात आले तवा तुला ठाव व्हता?”

“हो.”

“मंग दोन दिस गप राह्यलास?”

त्यांनी शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फक्त आत गेल्या आणि पोराचे कपडे पिशवीत भरू लागल्या.

हॉस्पिटलात नंदकिशोरने ती जूनची चिठ्ठी मागून घेतली, तिच्या मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने तारखा आणि गोळ्या लिहिल्या, खाली सही केली. डॉक्टर जे बोलले ते त्याने उभ्याने ऐकून घेतलं. आणखी आठ-पंधरा दिवस गोळ्या चालल्या असत्या तर काय झालं असतं, हेही ऐकलं. रक्ताचे आकडे दर आठवड्याला तपासले गेले आणि गोळ्या बंद झाल्यावर हळूहळू, फार हळूहळू, खाली आले. लग्न पुढे ढकललं. तक्रार कुणी केली नाही. ती का केली नाही, हे विचारायची नंदकिशोरला हिंमत झाली नाही.

मितेशला बरं वाटल्यावर नंदकिशोर त्याला पुन्हा गीतांजलीबाईंकडे घेऊन गेला. बाईंनी पाठीवर चार ठिकाणी नख ओढलं. काहीच निघालं नाही.

“ही बुरशी जूनमध्येच मेलीये,” त्या म्हणाल्या. नंदकिशोरकडे बघून पुढे म्हणाल्या, “नंतरच्या गोळ्या कुणाला मारत होत्या?”

वैशाखात हळद झाली. नंदकिशोर जाणार नव्हता. पुतळाबाईंनी माणूस पाठवून बोलावलं, तेव्हा गेला आणि मांडवाच्या टोकाला उभा राहिला. पण त्यांनी हाताला धरून त्याला पुढे आणलं आणि हळदीचं ताट समोर केलं.

“लाव. तू पन लाव.”

मितेश उघड्या अंगाने पाटावर बसला होता. उन्हाळाभर उन्हात हिंडून पाठ तांबूस सावळी झाली होती, मानेपासून कमरेपर्यंत एकसारखी. डाग कुठे होते ते शोधूनही सापडलं नसतं.

“बघितलीस ना दादा?” तो मान वळवून हसला. “काय पन न घेता डाग गेले.”

नंदकिशोरने हळद घेतली आणि त्या स्वच्छ पाठीवर हात ठेवला. मग, सगळा गाव बघत असताना, त्याने एका बोटाचं नख त्या कातडीवर हलकेच ओढलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.