सुंदराबाईंनी बंद केलेल्या गोळ्या

सुंदराबाई खरात आणि माझं कधी पटलं नाही. भांडुपच्या पालिकेच्या क्षयरोग दवाखान्यात मी नोंदणीच्या टेबलावर बसत असे, त्या हेल्थ व्हिजिटर होत्या. गोळ्या देणं आणि न येणाऱ्या रोग्याला घरी जाऊन शोधून आणणं हे त्यांचं काम. फलटणकडच्या, बौद्ध घरातल्या, नवरा लवकर गेलेला. आवाज असा की रांगेतली लहान मुलं रडायला लागत. मी एकदा म्हटलं, जरा हळू बोलत जा. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलात. हळू बोलून बरे होतात ते रोगी तुम्ही घ्या."

गुणाजी परब हा त्यांचा सगळ्यात नावडता रोगी. मूळ मालवणकडचा. गिरणीतलं काम संपात गेलं, तेव्हापासून टेकडीवरच्या खोलीत बायको राधाबरोबर राहायचा. १९८३मध्ये चार महिने औषध घेऊन बरं वाटलं म्हणून त्याने सोडून दिलं होतं. तेव्हा सुंदराबाईंनी घरून शोधून आणून भर रांगेत त्याला सुनावलं, "एक दिवस जरी गोळी चुकवलीस, तर पुढच्या वेळी मी तुझा मुडदा उचलायला येईन." लोक हसले. तो परत आला नाही. आला तो तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८६मध्ये, थुंकीतून रक्त पडायला लागल्यावर.

या वेळी नवीन औषधं होती, चार प्रकारची. त्यातली लाल कॅप्सूल घेतली की लघवी तांबडी होते, घाबरायचं नाही, असं सुंदराबाई प्रत्येकाला सांगत. गुणाजी रोज वेळेवर यायचा. गोळ्या गिळायला पाणी मात्र घरून बाटलीत आणायचा. सुंदराबाईंच्या हातचा पेला त्याने कधी घेतला नाही. त्यांना कारण कळत होतं. त्या पेला त्याच्यासमोर ठेवत आणि तो तसाच राहू देत.

नियमित येतो म्हणून पाचव्या आठवड्यात त्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या. दोनच दिवसांनी राधा त्याला धरून घेऊन आली. आठवडाभर अन्नाचा वास सहन होत नव्हता, उलट्या होत होत्या. लघवी गडद झाली होती, पण ती लाल कॅप्सूलमुळे असं धरून तो बोललाच नव्हता. डॉक्टर अनुपमा साळकरांनी खिडकीशी नेऊन डोळे बघितले. हळदीसारखे पिवळे.

"गोळ्यांनीच लिव्हर सुजलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या बंद. फक्त इंजेक्शन आणि चारांतली ही एक गोळी, ती लिव्हरला त्रास देत नाही. लिव्हर ताळ्यावर आलं की बाकीच्या एकेक करून परत सुरू करू. कुठली सोसत नाही ते तेव्हा कळेल."

सुंदराबाईंनी घरच्या गोळ्या परत मागितल्या. गुणाजी म्हणाला, राधाने रागाने गटारात टाकल्या. राधा खाली बघत राहिली. सुंदराबाईंनी "नष्ट" असं लिहिलं. घरी जाऊन खात्री केली नाही ही चूक त्यांची, आणि त्यांनी ती कधी नाकारली नाही.

दहा दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. काविळीचा आकडा उतरायला हवा होता, तो सहावरून नऊवर गेला होता.

"हा पितो," डॉक्टर म्हणाल्या. "असंच चाललं तर आठवड्यात बेशुद्ध पडेल. हॉस्पिटलात पाठवायची चिठ्ठी लिहिते."

"पीत नाही," सुंदराबाई म्हणाल्या. "मी रोज तोंडाजवळ उभी राहते."

इंजेक्शनला आलेल्या गुणाजीला त्यांनी बाटली दिली आणि लघवी आणायला सांगितली. ती त्यांनी उजेडात धरली. काविळीची लघवी काळपट चहासारखी दिसते. हिला तांबडी झाक होती. लाल कॅप्सूल बंद केली की तो रंग दोन दिवसांत जातो. दहा दिवस झाले होते.

त्यांनी मला उठवलं. "चला बाई. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

गुणाजी पुढे, आम्ही मागे. टेकडी चढून त्याच्या घरी गेलो. खोलीत शिरताच सुंदराबाई म्हणाल्या, "डबा काढ."

"खयचो डबो?"

"गोळ्यांचा. तू रोज गिळतोयस. लिव्हर सडवून घेतोयस."

गुणाजी भिंतीला टेकला. मग जे बोलला ते मी त्या दिवशी घरी येऊन जसंच्या तसं लिहून ठेवलं. "तूच म्हटलंस, एक दिवस चुकलंय तर मेलंय. शंभर माणसांत म्हटलंस. आता म्हणतंस, सगळे बंद कर. त्यातला खरा खयचा? माका मारूक बघतंस? नायतर माझ्ये गोळये तुझ्या लोकांका देवच्ये आसतीत."

मला वाटलं, त्या आता हात उचलतील. त्या म्हणाल्या, "माझे लोक तुझ्यासारखे मूर्ख नाहीत. दोन्ही खरं. तेव्हा घेतल्या नाहीस म्हणून मरत होतास, आता घेतोयस म्हणून मरतोयस. डबा."

तो हलला नाही. राधा उठली, देव्हाऱ्यामागून बिस्किटांचा डबा काढून सुंदराबाईंच्या हातात दिला. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या.

"घराक आग लावलंस," तो बायकोला म्हणाला.

"लावलंय," राधा म्हणाली. "आता गप बस."

त्या दिवसापासून कावीळ उतरायला लागली. तरी रक्त पूर्ण ताळ्यावर यायला पाच आठवडे गेले. मग एकेक गोळी. आधी आयसोनियाझिड, अगदी थोडी. दोन-तीन दिवसांनी वाढवून पुरती. रक्त तपासलं, ठीक. मग लाल कॅप्सूल, तीही आधी कमी, मग पूर्ण. परत रक्त, ठीक. सुंदराबाई रोज टॉर्च मारून त्याचं तोंड तपासत, जिभेखालीसुद्धा. "उघड." "मीट." याखेरीज दोघांत शब्द नव्हता.

राहिली पांढरी मोठी पायरॅझिनामाइड. ती सुरू करताना डॉक्टर त्याला म्हणाल्या, "रक्त आठवड्याने तपासू. पण मळमळ रक्ताच्या आधी तुला कळते. लपवलीस तर आम्हाला कळायला उशीर होईल."

चौथ्या दिवशी तो खिडकीसमोर आला आणि गोळी हातात घेऊन उभा राहिला. मागे रांग होती. त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. बोललं तर परत सगळं बंद होईल, न बोललं तर कावीळ.

"गिळतोस की नाही?" सुंदराबाई म्हणाल्या.

"काल रातीपासून ढवळता," तो म्हणाला. "मासो समोर इलो तरी ओकारी येता. आता मारशीत मरणाची बोंब. मार."

सुंदराबाईंनी त्याच्या तळहातावरून गोळी उचलून घेतली. आवाज न चढवता विचारलं, "उलटी किती वेळा?" दोनदा. त्यांनी लिहून घेतलं आणि त्याला रांगेतून बाहेर काढून थेट डॉक्टरांकडे नेलं. त्याच दिवशी रक्त तपासायला गेलं. लिव्हरचा आकडा पुन्हा पाचपट चढला होता, पण डोळे अजून पांढरे होते. ती गोळी कायमची बंद झाली. आठवडाभर पुन्हा थांबून बाकीच्या चालू केल्या. तीन औषधांवर उपचार लांबला, नऊ महिने.

गुणाजीच्या कार्डावर सुंदराबाईंनी लाल शाईने त्या गोळीचं नाव लिहिलं, आणि "कधीही देऊ नये" असं. तसलंच एक कार्ड त्याच्या खिशात ठेवायला दिलं. "दुसऱ्या दवाखान्यात गेलास तर हे दाखव. नाही दाखवलंस तर तुझं नशीब."

"तुझ्या दवाखान्यात परत येतंय कशाक?" तो म्हणाला.

ऑगस्ट १९८७मध्ये त्याची थुंकी तिसऱ्यांदा स्वच्छ आली. वजन अकरा किलोंनी वाढलं होतं. शेवटच्या दिवशीही तो स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला. गोळ्या गिळल्या, तोंड उघडून दाखवलं आणि निघून गेला.

पुढे राधा मला बाजारात भेटली. म्हणाली, गुणाजी टेकडीवर सगळ्यांना सांगत फिरतो की सुंदराबाईने त्याला जवळजवळ मारलं होतं. मी ते दवाखान्यात सांगितलं. सुंदराबाई पुढच्या रोग्याच्या गोळ्या मोजत होत्या.

"चढ चढतोय ना टेकडीचा?" त्यांनी विचारलं. "धाप लागते का, ते विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, मी कामाची नाही असं समजून, आणि पुढच्याला हाक मारली.