वन्संची कुंची

तार आली तेव्हा मी बाळाला पाजत होते. हे दारातच थांबले, म्हणाले, "ताई गेली." माझ्या मनात पहिलं काय आलं, तर माझं कार्ड पोचलं असेल का... तीन दिवसांपूर्वीच तर टाकलं होतं!

वन्सं म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहीण, सातारला असायच्या. बोलणं फटकळ, मला तर त्यांची धास्तीच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, पण दम्यामुळं त्यांना मद्रासपर्यंत येववलं नाही, म्हणून स्वतः शिवलेली खणाची कुंची पाठवली, लाल गोंड्यांची. इथं टी. नगरात उकाडा असा, की पोराला झबलंसुद्धा नको होतं. कुंची ट्रंकेत गेली, आणि कळवायचं आज-उद्या करत आठवडे उलटले. मग तर लिहायचीच भीती वाटायला लागली.

शेवटी एकदा लिहिलं. बाळाचा ताप, नळाचं पाणी, ह्यांच्या कामाच्या पाळ्या, सगळं घातलं. शेजारच्या रुक्माक्का, तंजावरकडच्या मराठी, त्यांना वाचून दाखवलं तर हसायलाच लागल्या. "अय्यो, हे आभार की गाऱ्हाणं? एवढं वाचून ती आजारी बाई तुझीच समजूत घालत बसायची!"

"मग उशीर का झाला ते सांगू नको?"

"झाला म्हण, माफ करा म्हण, पुरे. कुंचीचं सांग की! घातलीस का पोराला?"

मी ट्रंकेकडं पाहिलं.

"आधी घाल. मग लिही."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत घातली. पोरानं गोंडा ओढून तोंडात घातला, काढला की भोकाड. मग कार्ड घेतलं. 'वन्संना साष्टांग नमस्कार. तुमची खणाची कुंची मिळाली, फार आवडली. कळवायला उशीर झाला, माफ करा. आज बाळाला घातली, अगदी बरोबर बसली. गोंडा तोंडातून सोडत नाही.' संपलं. मला बाई कसं उघडं-उघडं वाटलं, पण रुक्माक्कांनी हातातून घेऊन टपालपेटीत टाकलंसुद्धा.

आणि मग ती तार. त्यांना वाटलं असेल का, हिनं आपली कुंची फेकून दिली... ह्यांना विचारायचा धीर होईना.

दिवसकार्य झाल्यावर वन्संच्या यजमानांचं पत्र आलं. लिहिलं होतं, कार्ड पोचलं त्या संध्याकाळी ती जरा उठून बसली होती. दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, 'त्या घाबरटीला कळव, गोंडा दुहेरी दोऱ्यानं शिवलाय, तुटायचा नाही. चोखू दे त्याला.' सकाळी लिहू म्हणालो, तर सकाळी...

मी खूप रडले. मग बाळाला ह्यांच्याकडं दिलं आणि त्याच दुपारी उत्तर लिहायला बसले. 'तुमचं पत्र मिळालं. वन्संचा निरोप पोचला.' ह्या वेळी उशीर नव्हता, त्यामुळं माफीही नव्हती. पुढं किती वेळ टाक धरून बसले, पण काही सुचेना. बाकीचं कार्ड कोरंच गेलं.