पन्नाशीवरच्यांचे डोळे

त्रेपन्न वय हा काही आजार नव्हे. पण कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात गेल्या चार महिन्यांत तो साथीसारखा धरला जाऊ लागला होता. आणि साथीचा रोगी एकच. शेडबाई.

शेडबाई हे नाव त्यांना कधी आणि कुणी दिलं, हे कारखान्याच्या भिंतींनाच ठाऊक. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या नमुन्याच्या तुकड्याशी आपल्या कापडाची शेड, म्हणजे रंगछटा, जुळते की नाही, हे अठ्ठावीस वर्षं त्या ठरवत आल्या होत्या. लॅबच्या कोपऱ्यात राखाडी रंगाची एक मोठी पेटी होती, तिला लाइट बॉक्स म्हणायचे. आत तीन दिवे: एक उन्हासारखा, एक दुकानातल्यासारखा, एक जांभळट. दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे, एकेक दिवा लावायचा आणि तिन्ही दिव्यांखाली जुळले तरच कागदावर सही करायची. उन्हात सख्खी बहीण वाटणारी शेड दुकानातल्या दिव्याखाली सावत्र निघते, हे बाईंचं म्हणणं सगळ्यांना पाठ होतं. त्यांच्या सहीशिवाय ट्रक हलत नसे, त्यामुळे त्यांच्यावर प्रेम करणारे फार नव्हते.

नवा मॅनेजर आला तो छत्तीस वर्षांचा. दर तिसऱ्या वाक्यात ‘फ्रेश’. फ्रेश आयडिया, फ्रेश टीम, फ्रेश एनर्जी. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव फ्रेशसाहेब पडलं आणि ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत झालं. आल्याबरोबर त्याने शेड पास करायच्या सहीचा अधिकार स्वतःकडेही घेतला. मग रंग मोजणाऱ्या नव्या यंत्राच्या प्रशिक्षणाची यादी लागली. सहा नावं, सगळी चाळिशीच्या आतली.

बाई विचारायला गेल्या.

“मॅडम, तुम्हाला कशाला त्रास?” फ्रेशसाहेब खुर्चीत झुलत म्हणाला. “शिकून होईपर्यंत रिटायरमेंट यायची.”

“पाच वर्षं आहेत. यंत्र शिकायला पाच दिवस लागतात.”

“गुंतवणूक कुठे करायची, हे बघावं लागतं ना.”

एका सोमवारी बाईंच्या टेबलावर कुणीतरी भिंग ठेवलं. हसणारे हसले. बाईंनी भिंग उचललं, त्यातून एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. पण त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत गेला, हे कँटीनवाल्याने पाहिलं होतं आणि त्याने पाहिलं म्हणजे कारखान्याने पाहिलं.

मग आला खरा वार. एचआरवालीने बोलावलं. ती गोड बोलायची; इतकं गोड की तिच्या केबिनमधून बाहेर पडताना माणसं स्वतःचे खिसे चाचपत. शेजारी फ्रेशसाहेब बसला होता.

“आम्ही तुमच्यासाठी छान भूमिका तयार केलीय,” एचआरवाली म्हणाली. “ज्येष्ठ मार्गदर्शक. टेन्शन नाही, सह्या नाहीत.”

“सह्या नाहीत म्हणजे काम काय?”

“मार्गदर्शन!”

“कुणाला?”

एचआरवालीने फ्रेशसाहेबाकडे पाहिलं. तो म्हणाला, “ते ठरवू. नाहीतर स्वेच्छेने राजीनाम्याचाही पर्याय आहे. शिवाय पुढच्या महिन्यात पहिल्या शुक्रवारी पन्नाशीवरच्या शेड पास करणाऱ्यांची डोळ्यांची चाचणी ठेवलीय. क्वालिटीचा प्रश्न आहे, पर्सनल नाही.”

पन्नाशीवर शेड पास करणारं माणूस कारखान्यात एकच होतं. तीन माणसांच्या त्या खोलीत हा हिशोब कुणालाच अवघड नव्हता.

“इथे सही करा,” एचआरवालीने कागद सरकवला.

“घरी नेऊन वाचते.”

“चष्मा विसरलात का?” फ्रेशसाहेब हसला.

“चष्मा आहे. घाई नाही.” कागदाची घडी करून बाई उठल्या. अशा कागदावर तिथल्या तिथे सही करायची नसते, एवढं त्यांना कळत होतं. मार्गदर्शक झालं की सही गेली, सही गेली की उद्या कुठल्या तोंडाने म्हणायचं, मी शेड पास करते? त्यांचं सगळं करिअर त्या सहीत होतं.

घरी नणंद येऊन बसली होती. तिला अशा बातम्या वाऱ्यावर कळत.

“वहिनी, किती दिवस ताणायचं ते? मान ठेवून बाहेर पडावं माणसानं.”

“वन्सं, मान ठेवून बाहेर पडले तर घराचा हप्ता कोण भरणार, मान?”

“दादा आहे की!”

दादा, म्हणजे बाईंचे यजमान, वर्तमानपत्राआडून म्हणाले, “मला मध्ये घेऊ नका.” हेच त्यांचं लग्नापासूनचं धोरण.

नणंद गेल्यावर बाईंनी वहीचं मागचं पान उघडलं. रडायला वेळ होता, पण आधी पान भरायचं होतं. वर लिहिलं: इथे. खाली: आणखी कुठे. आणि ‘इथे’च्या रकान्यातलं पहिलं काम त्याच संध्याकाळी उरकलं. एचआरवालीला आणि कारखान्याच्या प्रमुखाला ईमेल: डोळ्यांच्या चाचणीला माझी ना नाही; पण आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाशी झालेल्या करारात लिहिलंय की शेड पास करणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी ही चाचणी व्हावी. वयाचा उल्लेख त्यात नाही. मग पन्नाशीची अट कुठून आली, ते लेखी कळवावं. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. फक्त प्रश्न, तारीख आणि करारातलं कलम. मागच्या सहा वर्षांच्या कामाच्या मूल्यमापनाच्या प्रतीही त्यांनी घरच्या कपाटात नेऊन ठेवल्या. सगळी ‘उत्तम’. फ्रेशसाहेबाच्या आधीची.

दुसऱ्या रकान्यात धाकधूक जास्त होती. ज्या यंत्राच्या यादीत नाव नव्हतं, ते यंत्र विकणाऱ्या कंपनीचाच शनिवार-रविवारी वर्ग असे. बाई स्वतःच्या खर्चाने तिथे बसल्या. वर्गात बाकीचे त्यांच्या भाचे-पुतण्यांच्या वयाचे. पहिल्या दिवशी एकाने खुर्ची दिली आणि विचारलं, “काकू, मुलाला आणायला आलात?” दुसऱ्या शनिवारी तोच त्यांना विचारत होता, यंत्र जुळलं म्हणतंय आणि डोळा नाही म्हणतोय, तर कुणाचं ऐकायचं. “दोघांचंही,” बाई म्हणाल्या, “आणि मग दिवा बदलून परत विचारायचं.”

बायोडेटाही त्यांनी कापला. पहिल्या तेरा वर्षांची कुंडली कोण वाचणार? वर ठेवलं शेवटच्या पंधरा वर्षांचं काम: किती गिऱ्हाइकं, किती माल परत आला, किती वाचला. जन्मतारीख काढली. वय लपवण्यासाठी नव्हे. ती दिसली की पुढचं कुणी वाचत नाही म्हणून.

तरी एका ठिकाणी मुलाखतीत टाय लावलेला पोरगेला माणूस म्हणालाच, “आणखी किती वर्षं काम करायचा विचार आहे?”

“तुमच्याकडे या जागेवर माणूस सरासरी किती टिकतो?”

“दोन वर्षं.” तो सहज बोलून गेला.

“मग मी तुम्हाला अडीच माणसांइतकी पुरेन.”

तो हसला, हात मिळवला, कळवतो म्हणाला. कळवलं नाही. शेडबाईंनी वहीत त्या नावावर रेघ मारली आणि जोरात मारली, पान फाटलं.

इकडे ईमेलला उत्तर नव्हतं. पण प्रमुखाने करार काढून वाचला असावा, कारण चाचणीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, नोटीस बदलली: शेड पास करणाऱ्या सर्वांची चाचणी. त्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस वार्षिक तपासणीला आलेला, तो म्हणाला, मीच समोर बसतो. फ्रेशसाहेबाने बाईंकडे असं पाहिलं, जणू नोटीस त्यांनीच टाइप केली होती.

ही चाचणी भिंतीवरची अक्षरं वाचण्याची नव्हे. चार लांब खोकी, त्यांत बाटलीच्या झाकणांसारख्या पंच्याऐंशी छोट्या गोल टोप्या, प्रत्येक टोपीचा रंग शेजारचीहून केसभर वेगळा. टोकांच्या टोप्या पक्क्या, मधल्या विस्कटून देतात. रंग ओळीने लावायचे. चूक तितके गुण, म्हणजे गुण जितके कमी तितकं बरं.

बाई बसल्या तेव्हा दारात सात-आठ जण काही ना काही निमित्ताने उभे होते. त्यांनी तळहात पदराला पुसले. निळ्या-हिरव्याच्या खोक्यात दोनदा अडखळल्या. वय तिथे बोलतं, हे त्यांनाही माहीत होतं. एकूण चुका चोवीस. तपासनीस म्हणाला, “उत्तम.” दारातली गर्दी थोडी हिरमुसली.

मग फ्रेशसाहेब. शर्टाच्या बाह्या सावरून, घड्याळ बघत, दोन मिनिटांत उरकतो म्हणत. पहिल्या खोक्यात त्याने तांबूस टोपी हिरवटाच्या शेजारी ठेवली आणि समाधानाने पुढची उचलली. कुणी हसलं नाही. एकशे अठ्ठेचाळीस चुका, त्यांतल्या बहुतेक लाल-हिरव्यात.

“साहेब, जन्मापासूनचं असणार,” तपासनीस हळूच म्हणाला. “दर बारा-तेरा पुरुषांत एकाला कमी-जास्त असतं. पुष्कळांना कळतही नाही. पण शेडवर सही मात्र नको.”

फ्रेशसाहेबाचा चेहरा कुठल्या शेडचा झाला, त्यावर लॅबमध्ये पुढे आठवडाभर वाद चालला. चार महिन्यांत त्याने पास केलेला माल कुठे कुठे गेलाय, ते शोधायला तपासनीसाने यादी मागितली. बाईंनी ती दिली. डोळे कसे असावेत हे कुणाच्या हातात नसतं. दुसऱ्याच्या डोळ्यांवर नोटीस लावणं मात्र असतं.

बाई जिंकल्या, असं कँटीनमध्ये ठरलं. जिंकल्या कुठल्या! मार्गदर्शकाचा कागद गेला, सही राहिली. पण यंत्राच्या यादीत नाव आलंच नाही. बैठकांची निमंत्रणं थांबली. फ्रेशसाहेब आता त्यांच्याकडे न पाहता बोलायचा, आणि एचआरवाली दुप्पट गोड झाली. पुढच्या वर्षी नवा कागद येणार, हे बाईंना लख्ख दिसत होतं. हरलेला साहेब जिंकलेल्यापेक्षा जास्त काम करतो.

म्हणून त्या थांबल्या नाहीत. मोठ्या गिऱ्हाइकाकडे, पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन शेड तपासणाऱ्याची जागा होती. बाईंनी तपासनीसाला फोन करून सरळ विचारलं, “अर्ज करू का? शिफारस मागत नाही. कुठे करायचा तेवढं सांगा.” अर्जाला यंत्राच्या वर्गाचं प्रमाणपत्र जोडलं. मुलाखती दोन झाल्या. दोन वर्षांचा करार मिळाला, पगार थोडा कमी. त्यांनी प्रवासखर्च वेगळा मागून घेतला.

राजीनामा त्यांनी स्वतःच्या तारखेने दिला. अनुभवपत्रात एचआरवालीने ‘ज्येष्ठ मार्गदर्शक’ छापून आणलं.

“हे मी कधीच नव्हते.”

“एवढं काय त्यात, मॅडम?”

“एवढंच आहे त्यात. ‘शेड मंजुरी प्रमुख’ लिहा. मी बसते.”

त्या चाळीस मिनिटं बसल्या. प्रिंटर चालू झाला तेव्हा उठल्या. वाटेत फ्रेशसाहेब भेटला.

“या वयात नोकरी बदलताय? धाडस आहे.”

“पुरवठादारांच्या यादीत तुमचंही नाव आहे,” बाई म्हणाल्या, “पण तुमचा कारखाना मी मागून घेतला नाही. दुसऱ्या कुणालातरी देणार आहेत.” यात दया होती की तुच्छता, हे त्याला पुढे पुष्कळ दिवस कळलं नाही म्हणतात.

नव्या कंपनीत पहिल्या सकाळी लिफ्ट बंद होती. लॅब चौथ्या मजल्यावर. घ्यायला आलेल्या वरिष्ठाने, असेल चाळिशीचा, बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मॅडम, जिने जमतील ना?”

बाईंनी पर्स खांद्यावर सरकवली आणि चढायला लागल्या.