हाताला न कळणारं प्रेशर

मी वीस मिनिटं मागितली होती, मला दहा मिळाली. उरलेली दहा शाल-श्रीफळात गेली. नव्या प्रशिक्षणार्थींना दुसऱ्याच दिवसापासून साइटवर नेणाऱ्या कंत्राटदाराचा सत्कार प्राचार्यांना आधी उरकायचा होता. खोपटच्या एसटी आगारामागे आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या की गाड्यांचे हॉर्न आत येतात, बंद केल्या की बारा मुलामुलींना घाम फुटतो. मी त्या बंद केल्या. जे सांगायचं होतं ते एकदाच, आणि नीट ऐकू जाईल असं सांगायचं होतं.

विषय होता, प्रेशर असलेली पाण्याची लाइन कापताना घ्यायची काळजी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी या नोकरीत का आले, हे नौपाड्यातल्या आमच्या घरी अजून कोणाला पटलेलं नाही. मला इथे प्रेशर सिस्टिम्सची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी करायची आहे. तिचा प्रस्ताव प्राचार्यांच्या टेबलावर आहे आणि त्यावर चहाचे कप ठेवले जातात. तूर्तास माझ्याकडे होत्या मीटरभर लांबीच्या दोन लोखंडी नळ्या, एक हातपंप आणि दहा मिनिटं.

सुरुवात आकड्यांनी केली. उद्या साइटवर कापायची लाइन दीडशे मिलिमीटर व्यासाची आहे आणि तिच्यात तीन किलो प्रेशर असतं, असं मी सांगितलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "तीन किलो तर कांद्याची पिशवी असते, मॅडम." तो मुरबाडकडचा होता. उंच, मनगटं रुंद. कंत्राटदाराच्या मुकादमाने सकाळीच त्याला हेरून ठेवलं होतं, उद्या खड्ड्यात उतरून नळी कापायचा ग्राइंडर हाच धरणार म्हणून. वर्ग हसला. मीही हसू दिलं, कारण उत्तर माझ्या हातात होतं. तीन किलो हे दर चौरस सेंटीमीटरवर असतात. नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे पावणेदोनशे चौरस सेंटीमीटर. गुणाकार करा. त्याने फळ्याकडे पाहत बोटांवर गणित केलं आणि म्हणाला, "पाचशेच्या वर जातंय." मी म्हटलं, "आता पाचशे किलोची ती पिशवी तुझ्या छातीसमोर, चार फुटी खड्ड्यात सुटली आहे अशी कल्पना कर." या वेळी कोणी हसलं नाही.

मग मी मुद्द्याची गोष्ट सांगितली. लाइन चालू ठेवूनच जोडणी काढायची असेल तर त्याची रीत ठरलेली आहे. नळीभोवती रबरासह सॅडल, म्हणजे भोकाचा लोखंडी पट्टा, आवळायचं, त्यावर उघडबंद करायचा कॉक बसवायचा, कॉकवर ड्रिलिंगचं मशीन चढवायचं, उघड्या कॉकमधून भोक पाडायचं, ड्रिल मागे घ्यायचं आणि कॉक बंद करायचा. पाणी कोणत्याही क्षणी मोकळं सुटत नाही. खरा धोका या कामात नाही. खरा धोका आहे तो लाइन बंद आहे असं समजून ग्राइंडर लावण्यात. तुम्ही सगळे कल्याण-डोंबिवलीत नाहीतर आसपास वाढलात, मी म्हटलं. घरातला नळ कोरडा म्हणजे लाइन रिकामी, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. पण तिसऱ्या मजल्यावरचा नळ कोरडा असताना रस्त्याखालची नळी काठोकाठ भरलेली असू शकते. व्हॉल्व्हच्या सीटवर, झडप टेकते तिथे, गाळ बसला असेल तर चावी पूर्ण फिरवूनही पाणी पलीकडून झिरपत राहतं आणि प्रेशर पुन्हा चढतं. शटडाऊन जाहीर झालं ही बातमी आहे. पुरावा लाइननंच द्यायचा असतो.

हे पटावं म्हणून त्या दोन नळ्या होत्या. दोन्ही पाण्याने पूर्ण भरलेल्या, दोन्ही टोकं बंद, प्रेशर दाखवणाऱ्या गेजवर कापडी पिशव्या बांधलेल्या. एकीत मी आधीच हातपंपाने तीन किलो प्रेशर चढवलं होतं, दुसरीत शून्य. माझी योजना साधी होती. प्रत्येकाने हात लावावा, ठोकून पाहावं, कान लावावा आणि कोणती चालू ते सांगावं. निम्मे चुकतील, आणि जो अंदाज निम्म्या वेळा चुकतो त्यावर जीव टाकायचा नसतो हे मला बोलावंही लागणार नाही.

सहा जणांनी डावी सांगितली, सहा जणांनी उजवी. याहून चांगलं उत्तर मी मागून घेतलं नसतं. मी पिशव्या सोडायला हात पुढे केला, इतक्यात दारातून आमच्या प्लंबिंगचे ज्येष्ठ सर म्हणाले, "थांबा मॅडम, आम्हालाही परीक्षा देऊ द्या की."

ते पंचवीसेक वर्षं या धंद्यात आहेत. आवाज मोठा, मुलांचे लाडके, आणि माझ्याशी कायम सौजन्याने वागणारे, जे मला वादापेक्षा जास्त जड जातं. त्यांनी पान्याने दोन्ही नळ्यांवर एकेक टकटक केलं, तळवा टेकवला, डोळे मिटले आणि उजवीवर बोट ठेवलं. मी पिशव्या काढल्या. उजवीच होती.

टाळ्या वाजल्या. मुरबाडचा मुलगा तर उभा राहून वाजवत होता.

नाणं उडवलं असतं तरी इतकीच शक्यता होती, हे मी सांगितलं. पुन्हा करून बघू, दहा वेळा करू, दर वेळी नळ्या बदलू, असंही म्हटलं. सर हसून म्हणाले, "मॅडम, हाताला कळतं ते कागदाला कळत नाही. चला, चहा गार होतोय." प्राचार्यांनी घड्याळ दाखवलं. बारा जण नळ्यांना वळसा घालून चहाकडे गेले. माझ्या प्रयोगाने माझ्या म्हणण्याच्या नेमकं उलट सिद्ध केलं होतं. वाईट प्रयोग फसतो ते मला चालतं. चांगला प्रयोग एका योगायोगाने फसला, याचा राग मी त्या संध्याकाळी घरी नेला आणि आईने वाढलेल्या आमटीवर काढला.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती. प्रशिक्षणार्थी खड्ड्यात उतरणार असतील तर कामाच्या परवान्यावर माझी सही लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेले. घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत एका नव्या इमारतीसाठी लाइनचा तुकडा कापून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवायचा होता. त्या भागात सकाळपासून शटडाऊन होतं. व्हॉल्व्ह बंद केल्याचं पालिकेच्या चावीवाल्याने फोनवर कळवलं होतं. खड्डा तयार होता, नळी उघडी पडलेली, शेजारी ग्राइंडर आणि मुकादम. मुकादमाला दुपारच्या आत टी बसवून मोकळं व्हायचं होतं.

मी सॅडलचा विषय काढला. जो तुकडा कापून फेकायचा आहे त्यावरच सॅडल आवळा, ड्रिलने चालू लाइनसारखं भोक पाडा, मशीन काढा आणि कॉक उघडून बघा. लाइन रिकामी असेल तर अर्धा तास गेला एवढंच. मुकादम म्हणाला, भंगारात जाणाऱ्या नळीला नवं सॅडल कोण लावतं, मॅडम. वर त्याने बारा जणांना घेऊन आलेल्या सरांकडे पाहिलं. सर खड्ड्यात उतरले, पान्याने ठोकलं, तळवा टेकवला. मी काठावर उभी राहून ते सगळं पुन्हा पाहिलं, टकटक, तळवा, मिटलेले डोळे, आणि काल टाळ्या वाजवलेले तेच बारा चेहरे.

"रिकामी आहे," सर म्हणाले. "घे रे ग्राइंडर."

मुरबाडच्या मुलाने ग्राइंडर उचलला. मी परवान्याचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. बोलून काल काय मिळालं होतं. तो शिडीवर एक पाय ठेवून थांबला. माझ्या पर्सकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, तुम्ही म्हणता म्हणजे रिकामीच असणार," तो म्हणाला. "पण मॅडम सही देत नाहीत. सॅडल लावून टाकू ना, सही तरी मिळेल."

सरांना यात आपला अपमान वाटला नाही आणि हे त्या मुलाने मुद्दाम साधलं असावं असं मला वाटतं. ते म्हणाले, लाव बाबा, मॅडमचं समाधान होऊ दे. मुकादमाने कपाळावर हात मारला. सॅडल आवळलं गेलं, कॉक बसला, मशीन चढलं. ड्रिल नळीच्या भिंतीतून आत गेल्यावर मागे घेतलं, कॉक बंद केला आणि मशीन उतरवलं. मी बाकी सगळ्यांना खड्ड्यातून वर बोलावलं. त्या मुलाला एका बाजूला उभं राहून कॉक हळू उघडायला सांगितलं.

पाणी सरळ वर आलं. खड्ड्याच्या काठावरून पलीकडे, मुकादमाच्या डोक्याच्याही वर. गल्लीतली दोन माणसं बादल्या आणायला धावली. मुलाने कॉक बंद केला आणि काही वेळ तो तसाच घट्ट धरून ठेवला, बंद झाल्यावरही.

सर म्हणाले की व्हॉल्व्ह पास होतोय, पाणी सोडतोय, चावीवाल्याला त्याच्या वरचा व्हॉल्व्हही बंद करायला सांगा. ते बरोबरच होतं. दुपार टळेपर्यंत आम्ही थांबलो. दुसऱ्यांदा कॉक उघडला तेव्हा पाणी घरंगळलं आणि थांबलं. मी कॉकमधून तार घालायला लावली, कारण गाळाने तोंड बुजलं तरी पाणी थांबतं. तार आत गेली, पाणी आलं नाही. मी सही केली. नळी कापली गेली, आणि काहीच घडलं नाही. न घडलेल्या गोष्टीचा अहवाल कोणी वाचत नाही, तरी मुकादमाने उशिराची तक्रार तिथूनच फोनवर केली.

परत निघताना तो मुलगा रिक्षा स्टँडपर्यंत माझी साहित्याची पेटी घेऊन आला. मला वाटलं, निदान या एकाला तरी कळलं. मी विचारलं, सॅडल लावू या असं त्याला का वाटलं.

"सही नसलेल्या कामाची हजेरी लागत नाही ना, मॅडम."

"आणि पाणी आलं, त्याचं काय?"

"सरांचा हात काल बरोबर होता. आज चिखलामुळे नीट लागलं नसेल."

मी तिथे, भाजीच्या टेम्पोच्या मागे उभी राहून, संभाव्यतेचा सिद्धांत पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. रिक्षावाला घाई करत होता. ज्या मुलाने चार तासांपूर्वी ग्राइंडर हातात घेऊन भरलेल्या नळीकडे पाऊल टाकलं होतं तो माझ्यासमोर धडधाकट उभा होता, आणि त्याला वाचवणारी गोष्ट समज नव्हती, माझी सही होती. मला हे अजिबात आवडलं नाही. अजूनही आवडत नाही.

"ऐक," मी म्हटलं. "कॉक उघडून दाखवल्याशिवाय माझी सही नाही. सरांनी हात लावला तरी नाही, शटडाऊन असलं तरी नाही."

"ते तर आता सगळ्यांना माहीत झालंय, मॅडम," तो म्हणाला, आणि पेटी रिक्षात ठेवली.