वीस सेकंदांचा बाप

त्यांना सगळी आळी घड्याळकाका म्हणायची. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं त्यांनी टाइमकीपरचं काम केलं. कोण किती वाजता आत आला, हे वहीत लिहायचं. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, पण खिशातलं स्टॉपवॉच सुटलं नाही. चहाला उकळी किती वेळात येते, हेसुद्धा ते सांगू शकत. कुणी विचारत नसे, ती गोष्ट वेगळी.

बायको होती तोवर परगावच्या लेकीशी बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. शेजारच्या फोनवर ती तास तास बोलायची. ती गेल्यावर काकांनी घरात फोन घेतला आणि रोज सकाळी आठ वाजता लेकीला लावू लागले. मुलीवर जीव होता, पण बोलायचं काय हे त्या बिचाऱ्याला कधी कळलंच नव्हतं. मग त्यांनी वेळ ठरवून टाकली. पलीकडून 'हॅलो' आलं की स्टॉपवॉच दाबायचं. "बरी आहेस? कामावर निघालीस?" पलीकडून "हो बाबा." विसाव्या सेकंदाला "ठेवतो, बिल वाढतंय." एकदा ती "बाबा, जरा..." म्हणाली होती. तेव्हा एकोणीस झाले होते.

महिन्यानं पहिलं बिल आलं. काकांनी रोजचे सेकंद डायरीत टिपून आधीच हिशेब मांडून ठेवला होता: तीस फोन, प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. बिलात तीस मिनिटं लावली होती. दिवसाढवळ्या दरोडा! काका डायरी आणि स्टॉपवॉच घेऊन टेलिफोन ऑफिसात गेले.

तक्रारीच्या खिडकीत चष्म्यावाल्या बाई होत्या. त्यांनी डायरी शेवटपर्यंत वाचली. इतकी टापटीप तक्रार त्यांच्याकडे कधी आली नसावी.

"काका, तुमचे सेकंद बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "बेरीज चुकलीय."

"माझी बेरीज?" काकांचा आवाज चढला. मागच्या रांगेतले लोक पुढे वाकले.

"तुम्ही सगळे सेकंद आधी एकत्र केलेत. आमच्याकडे तसं नाही. प्रत्येक कॉल आधी पुढच्या पुऱ्या मिनिटावर नेतात, मग बेरीज. वीस सेकंद बोला नाहीतर साठ, मिनिट एकच. एकसष्टावा सेकंद लागला की दोन मिनिटं. तीस कॉल, तीस मिनिटं."

हे वाक्य काकांच्या ओळखीचं होतं. कारखान्यात एक मिनिट उशीर झाला तरी पाव तासाची मजुरी कापत. एक फिटर दर महिन्याला फाटकाशी भांडायचा, "अहो, सगळे उशीर मिळून अकरा मिनिटं होतात, तेवढीच कापा की!" आणि काका वहीतून मान वर न करता म्हणायचे, "आधी रोजचा पाव तास, मग बेरीज." करावे तसे भरावे म्हणतात, ते असं खिडकीत उभं राहून भरावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"म्हणजे रोजचे चाळीस सेकंद..." ते हळूच म्हणाले.

"त्यांचे पैसे तुम्ही भरलेच होते, काका. फक्त बोलला नाहीत."

काकांनी मुकाट्यानं बिल भरलं. पैशाचं दुःख नव्हतं. तीसदा चाळीस, बाराशे सेकंद. पुरी वीस मिनिटं लेक पलीकडे होती आणि आपणच तिला गप्प केलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी फोन लावला.

"बरी आहेस? कामावर निघालीस?"

"हो बाबा."

वीस झाले. पंचवीस झाले.

"बाबा? फोन ठेवला नाहीत? तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय! अजून पस्तीस सेकंद आहेत. बोल."

चाळीस. पन्नास. काकांनी एरवी इतका वेळ कुणाला वाया घालवू दिला नसता. मग लेकीचा आवाज आला, जरा ओला.

"माझी नोकरी सुटलीय, बाबा. दोन आठवडे झाले. रोज सांगणार होते. पण ते वीस सेकंदांत बसत नव्हतं."

दोन आठवडे ते "निघालीस?" विचारत होते आणि पोरगी घरात बसून "हो" म्हणत होती. स्टॉपवॉचचा काटा साठ ओलांडून गेला.

"एक मिनिट झालं असेल, बाबा. ठेवते. बिल वाढेल."

"दुसरं लागलं," काका म्हणाले. "लागलं की ते पुरं आपलं. सांग, काय झालं ते पहिल्यापासून सांग."

ती सांगू लागली. तिसरं लागलं, चौथं लागलं. काकांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि खुर्ची फोनजवळ ओढली.