वाटीभर साखर मागितल्यावर

एकट्या माणसांना धीर देण्याचा मक्ता माझ्या मावसभावाने घेतला होता, आणि त्याच्याइतका एकटा माणूस अख्ख्या भिवंडीत शोधून सापडला नसता. तो आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. मुंबईच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा, पण रोज सकाळी दाराला कुलूप लावून, इमारतीला एक फेरी मारून परत वर यायचा आणि जिन्यात भेटला की मला ऐटीत सांगायचा, "ऑफिसला चाललोय." दुपारी स्वतःच भरलेला डबा उघडताना "बघू आज काय दिलंय" असं पुटपुटायचा. शेजारीच पॉवरलूमचा कारखाना. मीटिंगमध्ये याने माइक चालू केला की पलीकडचे विचारणार, "तुमच्याकडे पाऊस पडतोय का हो?" शेवटी बिचारा माइक बंदच ठेवायला लागला. कुणी विनोद केला तर खदखदून हसायचा, पण ते हसणं त्याच्या चार भिंतींपलीकडे जायचं नाही.

घरी बसून सगळेच कोमेजलेत हे साहेबांच्याही ध्यानात आलं असावं. त्यांनी याला रोज सकाळी ग्रुपवर धीराची एक ओळ टाकायला सांगितलं. झालं, आमचे बंधुराज पेटले! एकेक ओळ तो सोनार दागिना घडवतो तशी घडवायचा आणि मला वाचून दाखवायचा. "‘तुम्ही एकटे नाही’ असं कधी लिहायचं नाही," तो बजावायचा. "खोलीत तो एकटाच बसलाय, त्याला काय डोळे नाहीत? आधी एकटेपणा कबूल करायचा. मग चहाला उकळी येईपर्यंत उरकेल एवढंच काम सांगायचं." त्याच्या काही ओळी मला अजून पाठ आहेत. ‘एकटं वाटतंय? वाटणारच, घरात माणूस एकच आहे. दूध आणायला जा आणि दूधवाल्याला त्याचं गाव विचारा.’ किंवा, ‘कसे आहात विचारलं की लोक ठीक म्हणतात आणि गप्प होतात. आज भाजी काय केली ते विचारा.’ ग्रुपवर या ओळींवर अंगठे पडायचे. हा अंगठे मोजायचा आणि पुन्हा दार लावून बसायचा.

एके सोमवारी मीटिंगमध्ये त्याची पाळी आली आणि तोंडातून आवाजच फुटेना. शुक्रवारपासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. हे त्याने मला हसत हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही. हा माणूस असाच हळूहळू मुका होऊन जाईल, असं मला खरंच वाटलं. मी म्हटलं, "दादा, लोकांना सांगतोस त्यातलं तू स्वतः काही करतोस का?" त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "उद्याची ओळ करून बघतो."

उद्याची ओळ होती, ‘शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागा.’ पठ्ठ्याने एका घरी मागून थांबावं की नाही? उत्साहात तो सगळे मजले फिरला. संध्याकाळपर्यंत इमारतभर बातमी पसरली, की वरच्या मजल्यावरच्या पोराची नोकरी गेली, घरात साखरेचा दाणा नाही. कारखान्याचे मालक स्वतः जिना चढून आले. "शरमाने का नहीं भाई, कल से लूम पे आ जाओ, शिफ्ट देता हूँ." तळमजल्यावरच्या काकूंनी, या मूळच्या जवळच्याच शेलार गावच्या, तांदळाच्या भाकऱ्या आणि वाटीभर सुकट आणून समोर ठेवली. "खा रं पोरा. दिस काय असेच ऱ्हात न्हाय."

नोकरी शाबूत आहे हे पटवून देता देता त्याचा पुरता घसा बसला, पण तो बोलून बोलून बसला होता! पुढची पंचाईत काकूंच्या वाटीची. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढं मावशीने त्याला शिकवलेलं. स्वयंपाकाच्या नावाने शंख, तेव्हा त्याने वाटीत फरसाण भरून दिलं. काकूंनी ती शिरा भरून परत पाठवली. याने केळी दिली, त्यांनी कोलंबीचं कालवण. वाटी जिन्यात खालीवर होत राहिली आणि तिच्यामागून तोही. दारात उभं राहून काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला, मालकांशी सुताच्या भावावर वाद घालू लागला. ग्रुपवर त्याने लिहिलं, ‘एकटेपणा एका वाटीने जात नाही. पण वाटी परत द्यायला तरी कुणाच्या दारात जावंच लागतं.’ त्या दिवशी अंगठे कमी पडले. गुवाहाटीच्या एका सहकाऱ्याने मात्र थेट फोन केला. तिकडेही सुकी मासळी खातात म्हणे, दोघं बराच वेळ सुकटीवर बोलले.

मग कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. तो मुंबईला राहायला गेला. तिथे आता त्याला माणसांचा तोटा नाही आणि ओळी लिहायला सवडही नाही. हे चांगलंच झालं, असं मी सगळ्यांना सांगते. पण खरं सांगू, वरून पावलं वाजत नाहीत तेव्हा मला घर फार मोठं वाटतं.

परवा काकू जिन्यात भेटल्या. सामानाच्या गडबडीत त्यांची वाटी त्याच्याबरोबरच गेली आहे. मी ओशाळून म्हटलं, "काकू, मी दुसरी आणून देते."

"नको गं बाय," काकू म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. वाटी हाय तवर त्याला यायला लागंल."